वरच्या मावशी आणि मधेच मागितलेली भाडेवाढ

महिना लागला की आजही माझे पाय जिन्याकडं वळतात. मंग वरचं कुलूप दिसतं आन् मी मागं फिरते.

भोकरदनला या घरात मी हसनाबादहून आल्ते, पोरीच्या शाळेपायी. नवरा ट्रकवर, महिना महिना बाहेर. खाली समोरच्या खोलीत माझी शिलाई मशीन, मागं स्वयंपाक, आन् वर एकट्या घरमालकीणबाई. त्यांना मी मावशी म्हणायची. भाडं द्यायचं म्हणजे पाकीट घेऊन वर जायचं, त्यांच्या ओट्याशी बसायचं, चहा पिऊन पार भाजीपासून भावकीपर्यंत सगळं बोलायचं. पैसे त्या मोजायच्या न्हाईत. डब्याखाली सारायच्या आन् म्हणायच्या, "बस गं, कुठं आग लागली का?" मला माहेर जवळ असून तिथं एवढं बसायला मिळालं न्हाई कधी. ते बसणं मला फार आवडायचं, सरळ सांगते.

करार मात्र रीतसर झाल्ता. तीन वर्षांचा, रजिस्टर केलेला, पाच हजार भाडं. सही मावशींची आन् माझी. मावशीच म्हणल्या होत्या, "कागद असावा बाई, उद्या माझा भरवसा काय?"

दीड वर्ष झालं आन् त्यांचा पोरगा पुण्याहून आला. दारात उभं राहूनच म्हणला, "ताई, पुढच्या महिन्यापासून साडेसात. जमत नसलं तर खोल्या खाली करा. बाजारभाव बघा जरा."

माझं डोकं तापायला वेळ लागत न्हाई. म्हणलं, "भाऊ, बाजारभाव कांद्याचा असतो. घराचा भाव आपण कागदावर लिहिलाय."

"कागद काय, बदलता येतो."

"दोघांनी मिळून बदलला तर. तुम्ही एकट्यानं बदलायला तो काय तुमचा शर्ट हाय?"

तो तणतणत वर गेला. जाता जाता पाणी बंद करायचं बोलला. मी मशीनवर बसले, पण सुई धागा घेईना. जायचं कुठं? गिऱ्हाईक याच दारावर येतं, पोरीची दहावी. आन् खरं सांगू का, त्याहून जास्त एकच गोष्ट खात होती: हे मावशींना माहीत हाय का? विचारायला वर जावं म्हणलं तर जिन्यात त्याच्या चपला.

करार काढून वाचला. तीनदा वाचला तरी मधे वाढ करायचं कुठं दिसेना. मंग मी सरळ कोर्टात गेले. तिथं तालुका विधी सेवा समिती असते, बाईमाणसाला वकील फुकट मिळतो, हे एका गिऱ्हाईकीणीनं सांगितल्तं. वकीलबाई तरुण होत्या. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "मुदतीच्या आधी खाली करून घ्यायचं कलम आहे का?" होतं. दोन महिने भाडं थकलं किंवा अट मोडली तरच.

"मग एक लक्षात ठेवा," त्या म्हणल्या, "रागाच्या भरात भाडं थांबवायचं नाही. तुम्ही थांबवलंत की त्यांच्या हातात कारण आलं. पाच हजार वेळेवर द्यायचे, वाढीव एक रुपया द्यायचा नाही. एकदा दिला की तुम्ही कबूल झालात असं ते म्हणतील. आणि हातात नाही द्यायचे. खात्यावर टाका, पुरावा राहतो."

"हातात न्हाई?"

"नाही. पाणी तोडलं तर लगेच या, तसं करता येत नाही, कोर्टात अर्ज देऊ. मुदत संपल्यावर मात्र नवं भाडं काय मागायचं, करार पुढं करायचा का, ते त्यांच्या मर्जीचं. तोवर नाही."

बराबर होतं सगळं. तरी त्या महिन्याला बँकेतून पैसे पाठवताना मला रडू आलं. खाली बसून वरच्या बाईला बँकेतून पैसे! हसावं का रडावं? तिकडून खात्यात जमा झाल्याचा निरोप आला, पण चहा काय बँक देत न्हाई.

वकीलबाईंनी उत्तर लिहून दिलं, करार चालू हाय, वाढ मान्य न्हाई. करार मावशींशी, म्हणून पत्र मावशींच्याच नावानं गेलं, रजिस्टर टपालानं. पोस्टमन माझ्या दारावरून वर चढला तेव्हा मी पडद्याआड उभी होते. वरून त्यांचा आवाज आला, "कुणाचं रं?" पुढचं ऐकू आलं न्हाई. त्या दिवसापासून मावशी खाली उतरल्या न्हाईत, अंगणात तुळशीलासुद्धा पोरगाच पाणी घालायचा. दिसला की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण मागं हटावं असं एकदाही वाटलं न्हाई. घर सोडून पोरीला कुठं नेऊ?

पोरगा तरी ऐकेना, तेव्हा समितीनं समझोत्यासाठी दोघींना बोलावलं. मावशी काठी टेकत आल्या. किती वाळल्या होत्या! पोरगाच बोलत होता, खर्च वाढला, घरपट्टी वाढली. समितीच्या साहेबांनी त्याला थांबवलं आन् मावशींना विचारलं, "सही तुमची आहे. वाढ तुम्हाला पाहिजे का?"

मावशींनी पोराकडं बघितलं. मंग माझ्याकडं. कितीतरी दिवसांनी बघितलं.

"मी तीन वर्षं म्हणले होते," त्या म्हणल्या. "कागदात लिहिलंय तेच. मी जबान फिरवणार न्हाई."

पोरगा म्हणला, "आई, तुला कळत न्हाई."

"सही करताना कळत होतं," मावशी म्हणल्या.

समझोता लिहून झाला. मुदतीपर्यंत जुनंच भाडं, पाणी-लाईट चालू, दोघींच्या सह्या. मी जिंकले. बाहेर येऊन त्यांचे पाय धरावे म्हणलं तर पोरानं त्यांना गाडीत बसवलं होतं.

चार दिवसांत तो त्यांना पुण्याला घेऊन गेला. म्हणला, आता इथं एकटीनं राहून काय करतीस. हे माझ्या पत्रापायी झालं, ते मला कळत होतं. वरचं घर बंद झालं. आता मी घरात हाय, कुणी उठवू शकत न्हाई, आन् संध्याकाळी कान मात्र वरच्या पावलांकडं लागलेले. पोरगी म्हणती, आई, पंखा पडतो का काय म्हणून वर बघतीस?

परवा हिम्मत करून फोन लावला. म्हणलं, शिव्या देतील तर देऊ द्या.

"पाणी येतंय का बराबर?" हेच पहिलं विचारलं त्यांनी.

"येतंय मावशी. तुम्ही कशा हात?"

"बरी हाय. हितं सहावा मजला. खाली उतरायचं तर कुणी न्यावं लागतं."

"मावशी, पत्र तुमच्या नावानं पाठवावं लागलं. मला..."

"ते बरंच केलंस. सांभाळून ठेव कराराचा कागद."

"या ना माघारी. तुमचंच घर हाय. मी करीन सगळं."

पलीकडं कुणीतरी टीव्ही लावला. मावशी हळू आवाजात म्हणल्या, "तुला मुदत संपेपर्यंत कुणी जा म्हणू शकत न्हाई, पोरी. मला हितं कुणी कागद करून दिलाय?"