कोड आला होता

कोड आला होता. चार आकड्यांचा, माझ्याच मोबाइलवर. मी म्हणालो, आला नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, मायला तर नाहीच. आकडे मला अजून पाठ आहेत.

आमचं घर पांढुर्ण्यात, दोन मजली. खाली माय, माझा धाकटा भाऊ आणि त्याची बायको. वर आम्ही. भाऊ नागपूरला कामाला असतो, शनिवारी येतो. मी सौंसरला एका ऑफिसात बाबू. सकाळच्या बसनं जायचं, संध्याकाळच्या बसनं यायचं. इंटरनेटची लाइन माझ्या नावावर, बॉक्स आमच्या वरच्या खोलीत, पलंगामागच्या भिंतीवर. खाली एक तार सोडलेली. कंपनीच्या कागदावर माझं नाव आणि माझा नंबर. त्या एका नंबराला इतकी किंमत असते हे तेव्हा माझ्या ध्यानातही नव्हतं.

धाकट्या भावाच्या बायकोला आमच्याकडे भाऊसून म्हणतात, आणि तिच्यासाठी मी भासरा. भाऊसून भासऱ्याशी बोलत नाही. म्हणजे अगदी बोलायचंच नाही असा कायदा नाही. आता शहरात कुणी पाळतही नाही. पण आमच्या घरात ते राहून गेलं होतं. मी अंगणात आलो की ती पदर सावरून आत जायची. काही सांगायचं असलं तर मायला सांगायची, मी ऐकू येण्याइतक्या अंतरावर असलो तरी.

"आई, त्याईले म्हणा, गॅस संपून राहिला."

मग माय माझ्याकडे वळून, "आयकलं ना रे?"

मी म्हणायचो, "हो, आयकलं." अकरा वर्षं असंच चाललं. मला ते सोयीचं होतं, हेही आता लिहून टाकतो. न बोलणाऱ्या माणसाला उत्तर द्यावं लागत नाही.

त्या एप्रिलात तिला घरबसल्या काम मिळालं. कुठल्या तरी मशिनवाल्या कंपनीसाठी लोकांच्या तक्रारी फोनवर ऐकायच्या आणि लिहून घ्यायच्या. आधी आठवडाभर ट्रेनिंग. कानाला हेडफोन लावून ती खाली बसायची आणि तिचा आवाज जिन्यातून वर यायचा. "नमस्कार सर, मी आपली काय मदत करू शकते?" इतका मोकळा, हसरा आवाज. मी रविवारी पलंगावर पडल्यापडल्या तिला सराव करताना ऐकत होतो आणि मला कळेना, ही कोण बाई आहे आपल्या घरात.

सोमवारी संध्याकाळी लाइन गेली. बॉक्सवर लाल दिवा लुकलुकायला लागला. बायको माहेरी लोधीखेड्याला गेली होती, वर मी एकटाच. मी तक्रार नोंदवली. मेसेज आला: मंगळवार, सकाळी दहा ते एक.

मंगळवारी सकाळी निघताना मायनं हातात घडी केलेला कागद ठेवला. "हे तिनं देल्लं. बसमंदी वाच म्हणे."

मी बसमध्ये वाचला. वहीतलं पान, निळी शाई, अक्षर वळणदार. ट्रेनिंगमध्ये शिकवलं तसंच तिनं लिहिलं होतं. बिघाड: बॉक्सवर लाल दिवा, काल सायंकाळपासून. आत येणं: बॉक्स वरच्या खोलीत, कुलूप असतं, किल्ली दादांकडे, कृपा करून घरी ठेवावी. घरी कोण: मी आणि आई, दिवसभर. निकड: ट्रेनिंग चालू आहे, लागोपाठ दोन दिवस लाइन बंद दिसली तर तिसऱ्या दिवशी सकाळी नाव कट होईल. मोबाइलच्या नेटवर त्यांचं चालत नाही. खाली काहीच नव्हतं, नाव पण नाही.

वाचून खिशात हात घातला तर किल्ली खिशातच होती. बस अर्ध्या रस्त्याच्याही पुढं आली होती. ही चूक खरी चूक होती. इथपर्यंत माझं काही लपवायचं नाही.

साडेअकराला टेक्निशियनचा फोन आला. तिशीतला असेल, बोलणं आमच्याकडचंच. "काका, मी तुमच्या घरी उभा हाओ. वर तर कुलूप हाये. खाली बाई म्हणून राहिल्या का किल्ली तुमच्यापाशीच हाये."

"हो, राहून गेली."

"मंग कसं करायचं? उद्या माही ड्यूटी सौंसरकडं हाये. पण अर्जंट असंल तं सांगा, मी अर्जंट टाकतो, उद्या सकाळी आठच्या आत येऊन जातो. नायतर तुम्ही म्हणाल तो दिवस."

कागद माझ्या वरच्या खिशात होता. मी त्याला हात लावला, हे मला स्पष्ट आठवतं. बाजूच्या टेबलावरचे दोघं माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "नाही, अर्जंट काही नाही. शुक्रवार टाका."

"शुक्रवार? लय लांब होईल, काका."

"शुक्रवारी मी घरी आहे. माझ्यासमोर झालेलं बरं."

का म्हणालो? शुक्रवारी सुट्टी होती, ते खरं. रजा मागायला नको, तेही खरं. परका माणूस, घरी दोन बाया, माझ्या खोलीत माझ्यामागं कुणी शिरू नये, असंही मनात आलं. पण सकाळी आठला तर मी घरीच असतो. बस त्यानंतरची आहे. हे त्या क्षणी सुचलं नाही की सुचूनही बाजूला सारलं, ते मी इतक्या वेळा उलटसुलट करून पाहिलं आहे की आता काहीच खरं वाटत नाही.

संध्याकाळी मायनं दारातच विचारलं, "कवा येते मंग तो?"

"कंपनीनं शुक्रवार दिला."

आतून भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग तिचा आवाज, भिंतीला सांगितल्यासारखा, "आई, तो तं म्हणत होता दादा सांगतील तसं."

"आयकलं ना रे?" माय म्हणाली.

"आयकलं. त्याईच्या सिस्टीममंदी शुक्रवारच दाखवून राहिलं."

बुधवारी मायनं किल्ली मागून घेतली आणि खिळ्याला लटकवली. मी निमूट दिली. दुपारी ऑफिसात जेवायला डबा उघडला आणि मोबाइल वाजला. मेसेज होता: भेटीची वेळ बदलण्यासाठी आपला कोड. खाली चार आकडे. त्याखाली, हा कोड कुणालाही सांगू नका. मी काही मागितलं नव्हतं. मला वाटलं फसवणुकीचा प्रकार असेल; ऑफिसात रोज कुणीतरी तसलं काही सांगतच असतं.

तेवढ्यात फोन आला. घरचा नंबर, तिचा. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"दादा, मी बोलून राहिली." मधे जरा श्वास. "मी नेटच्या कंपनीत फोन लावला. आज चारची वेळ रिकामी हाये म्हणतात, त्याईचा दुसरा माणूस इथंच बाजारात हाये. किल्ली घरीच हाये. पण लाइन तुमच्या नावानं हाये ना, तं कोड तुमच्या नंबरवर येते. कंपनीच्या बाई दुसऱ्या फोनवर थांबून हायेत. तेवढा सांगा. उद्या सकाळी दहाला लाइन चालू दिसली नाही तं माहं नाव कट होते, दादा."

सगळं कसं नीट सांगितलं होतं तिनं. काय, कुठं, कधी, का. एक शब्द जास्त नाही. मी त्या स्क्रीनकडं बघत होतो. आवाज तोच होता, हेडफोनवाला, फक्त हसरा नव्हता. आणि तो माझ्याशी बोलत होता. मी गोंधळलो. एकदम म्हणालो, "कोड तर काही आला नाही."

"पाहा ना एकदा."

"पाहिलं. नाही आला."

"नेटवर्क असंल," ती म्हणाली. "थांबते मी."

ती थांबली. खरंच थांबली. पलीकडे तिच्या बांगड्या वाजल्या, मग दुसऱ्या फोनवर ती कुणाला तरी म्हणाली, "मॅडम, एक मिनिट फक्त." मग पुन्हा एक कोड आला. मी तोही पाहिला. "नाही," म्हणालो, आणि वर, "साहेब बोलावून राहिले," म्हणून फोन ठेवला. साहेब त्या दिवशी छिंदवाड्याला होते.

रागानं केलं म्हणावं तर राग नव्हता. तिचं वाईट व्हावं असंही नव्हतं. मेसेजात लिहिलं होतं ना, कुणालाही सांगू नका, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण शुक्रवारी तोच टेक्निशियन आला तेव्हा काम झाल्याचा कोड मी त्याला खणखणीत आवाजात सांगितला. एकदा "कंपनीनं शुक्रवार दिला" म्हणून बसलो होतो. बुधवारी चारला माणूस आला असता तर ते खोटं उघडं पडलं असतं. एवढंच कारण असावं. एवढंसं.

गुरुवारी दहाला तिचं नाव कट झालं. मायनं संध्याकाळी सांगितलं, भाजी निवडता निवडता.

शुक्रवारी टेक्निशियननं पलंग ओढला. पलंगाच्या पायाखाली तार चेपली होती. मीच रविवारी कूलरची हवा यावी म्हणून पलंग भिंतीला सरकवला होता. दहा मिनिटांत दिवा हिरवा झाला. तो जिना उतरत होता, मी मागं, आणि ती दाराआडून त्याला म्हणाली, "चार दिवस लावले तुम्ही, भाऊ. तुमच्यापायी माहं काम गेलं."

"माह्यापायी?" तो थांबला. "बाई, शुक्रवार मी नाही टाकला. थांबा, इथं लिहून हाये कोणं..." त्यानं मोबाइल काढला, अंगठ्यानं वर सरकवलं, आणि मग माझ्याकडं पाहिलं.

मी म्हणालो, "चाय घेता का?"

त्यानं मोबाइल खिशात ठेवला. "सिस्टीमची गडबड असंल, बाई. होते कधी कधी." चहा न घेताच गेला. माय मागून म्हणाली, "काय बेजबाबदार पोट्टे ठेवतात!"

शनिवारी भाऊ आला. कंपनीचा मेसेज माझ्या मोबाइलवर होता, सेवा कशी वाटली, एक ते पाच तारे द्या म्हणून. भाऊ म्हणाला, "दादा, एकच तारा दे त्याले. समजू दे." तो बाजूला उभा होता, ती आत पोळ्या करत होती. मी एक तारा दिला.

आता ती माझ्याशी बोलते. त्या फोननंतर मायची गरज राहिली नाही. "दादा, पाणी आलं," "दादा, वीज गेली." लाइनीचं काही बिघडलं तर मला विचारत नाही, भावानं खाली वेगळी लाइन घेतली, त्याच्या नावावर. ती आता दुपारी लहान मुलांच्या शिकवण्या घेते. मुलांशी बोलताना मधेच तो हसरा आवाज ऐकू येतो, आणि मी पुन्हा गोंधळतो, कारण मला वाटतं तिला माहीत आहे. मग वाटतं, नसेल. तिनं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं का, हेही मला माहीत नाही.

तिला माझ्या तोंडून हे ऐकायचं राहिलं आहे की शुक्रवार मी टाकला, आणि कोड आला होता, दोन्ही वेळा. आणि त्या टेक्निशियनला हे, की मी त्याला एक तारा दिला तेव्हा चूक माझी आहे हे मला ठाऊक होतं. दोघांनाही मी अजून सांगितलेलं नाही.