तीन काळ्या दगडांची टीप
थोर कविता काळाच्या पार जाते, असं म्हणतात. चुलीच्या धुराचा वास आला की मला मेहकरचे माझे निवृत्त अरबी शिक्षक आठवतात. परदेशातल्या नातवाला अरबी येत नव्हती आणि आपली आवडती जुनी कविता त्याने वाचावी, एवढीच त्यांची इच्छा होती, म्हणून तिचा इंग्रजी अनुवाद त्यांनी मला करायला सांगितला. साऱ्या कवितेला एकच वृत्त, प्रत्येक ओळीचे दोन भाग, शेवटी तेच यमक. इंग्रजीत यमक जुळवताना कवीचा विरह विनोदी झाला, म्हणून मी साधं गद्य केलं आणि टीप दिली: ‘तीन काळे दगड: उठून गेलेल्या तळावरची चूल, प्रेयसी गेल्याची खूण.’ वाचताना सरांचं बोट टेबलावर ठेका शोधत राहिलं, मग थांबलं. ‘अर्थ आला बे, चाल गेली.’ ‘सर, नातवाले समजन तरी.’ ‘हाव. धाडून दे.’ आठवड्याने नातवाचं उत्तर आलं: टीप आवडली, कविता सवडीने वाचतो.