बुधीबाईची चार एकरं

माझा बाप हिलाल पाटील कुणाचं कौतुक करायचा नाही. पोटच्या पोरांचंही नाही, मग मजुरांचं काय! पण विसरवाडीवरच्या डोंगरातली बुधीबाई उकिरड्यावर पाटी भरायला लागली की तो ओट्यावर येऊन बसायचा आणि म्हणायचा, "हाई बाईले पाह्य, दोन गडीसनं काम करस."

बुधीबाईला मात्र आमच्या शेतीचं हसू यायचं. तिच्या सासऱ्याच्या काळी डोंगरात नांगर नव्हता. फाल्गुनात झुडपं तोडायची, वाळली की पेटवायची, आणि पावसाच्या तोंडावर त्या राखेत नागली, म्हणजे नाचणी, आणि भगर फेकायची. दोन-तीन वर्षं झकास पिकायचं. मग राखेचा जोर सरायचा, तण माजायचं, आणि घरदार दुसऱ्या तुकड्याकडे वळायचं. जुना तुकडा दहा-बारा वर्षं रान होऊन पडायचा. काम थोडं, सणवार भरपूर. फक्त सहा तोंडांच्या घराला फिरायला पंचवीसेक एकर डोंगर लागायचा. म्हणून तिकडे पाडे लहान आणि लांब लांब.

आमच्याकडे सात एकर काळीत चौदा माणसं जेवायची. दरसाल बाजरी, तिच्या ओळीत तूर, वर शेणखत, निंदणी, कोळपणी. कुणाचीही पाठ सरळ राहायची नाही. बुधीबाई पाटी उतरवून म्हणायची, "पाटील, तुमी जमीनले निजूच देत नही!"

"निजू दिधं तं चौदा जनं काय खातीन?" बाप म्हणायचा. "आमी तिले जेवाडतस."

ती खूप हसायची. एवढं शहाणपण आमच्या बापात नव्हतं, की हे हसू तिला एक दिवस महागात पडेल हे ओळखावं.

सरकारनं जंगल तोडणं-जाळणं बंद केलं होतं आणि तिच्या घराला चार एकर उताराची जमीन ठरवून दिली होती. खाणारी तोंडं नऊ. तीन वर्षं पिकवल्यावर नागली निम्म्यावर आली. बुधीबाईनं तेच केलं जे सासऱ्यानं केलं असतं. जमीन दमली म्हणून ती पडीक ठेवली आणि नवरा आमश्याला घेऊन आमच्याकडे मजुरीला आली. दोन पावसाळे असेच गेले. होळीला ती परत गेली, तेव्हा दारात जंगलखात्याचा नाकेदार उभा. तिसऱ्या पावसाळ्यातही पेर दिसली नाही तर जमीन दुसऱ्याला जाणार, असं तो सांगून गेला.

शेतात पाहावं तर गुडघाभर काटेरी झुडपं. दोन वर्षांत रान होत नाही, आणि पेटवायची तर बंदी. नऊ माणसं कुठं जाणार? आमश्या डोकं धरून बसला. बुधीबाईला आमचा उकिरडा आठवला. पण इतकं खत डोंगरावर चढवायचं कुणी?

मग तिनं असं काही केलं की सगळा पाडा पोट धरून हसला. पाड्याची साठ गुरं दिवसभर मोकळी रानात चरायची आणि संध्याकाळी कुठंही बसायची. तिनं घरोघर जाऊन ती मागून घेतली. झुडपं तोडून त्यांचंच कुंपण केलं आणि गुरं रात्री आपल्या शेतात बसवली. दर चार दिवसांनी कुंपण पुढं सरकवायचं. गुराख्यांना रोज नागलीची आंबील. रान शेतात येत नाही तर गुरांच्या पोटातून येऊ दे, असा तिचा हिशोब. मला तर तो कुणाही इंजिनियरापेक्षा पक्का वाटतो.

वैशाखात बाप मुद्दाम बघायला गेला. शहाणपणा शिकवल्याशिवाय त्याला करमायचं नाही. म्हणाला, खोल नांगर. बुधीबाई म्हणाली, "हाई तुमनी सपाट काळी नही, पाटील. खोल नांगरं तं पहिला पानीमाच माटी खाले जाई." तिनं आधी उताराला आडवे दगडी बांध रचले आणि मगच वरवर नांगर फिरवला.

आषाढात नागलीचं रोप लावलं, बांधाकडेनं तूर टोकली. नाकेदार आला, चारी बाजूंनी फिरला आणि आंबील पिऊन गेला. जमीन राहिली. दिवाळीआधी नऊ माणसांना वर्षभर पुरेल एवढी नागली खळ्यावर आली, तेव्हा तीच हसणारी माणसं आपापल्या शेतासाठी गुरांची पाळी लावायला तिच्याकडे आली.

आमच्याकडे सुगी सुरू झाली. बाप रोज वाटेकडे बघायचा. शेवटी आमश्या एकटाच आला, तोही निरोपापुरता. बुधीबाईचे बांध नीट करायचे होते, तूर राखायची होती, खतासाठी पालापाचोळा खड्ड्यात भरायचा होता. तिला यायला सवड नव्हती, यंदाही नाही आणि पुढंही नाही.

बाप तासभर चिडला. मग विळा घेऊन स्वतःच बाजरीत उतरला.