लग्नानंतरची उन्हाळी

लग्न होऊन मी बार्शीहून सोलापुरात आले आणि दीड महिन्यात मला उन्हाळी लागली. लघवीला जळजळ, सारखं जावंसं वाटायचं, गेलं की चार थेंब. सासूबाईंनी धन्याचं पाणी दिलं. मग गल्लीतल्या डॉक्टरांच्या गोळ्या आल्या. तीन दिवसांत बरं वाटलं, म्हणून उरलेल्या मी डबीत ठेवून दिल्या. महिन्याभरात दुखणं परत आलं. मग पुन्हा.

तिसऱ्या खेपेला सासूबाई म्हणाल्या, "माहेरीच होतं का गं हे? खरं सांग की." नव्हतं. पण त्यांना पटलं नाही. शेजारणीनं तर कानात भलतंच घातलं, "नवरा फिरतीचा हाय. असली दुखणी पुरुषच बाहेरनं आणतात."

नवरा चादरींच्या ऑर्डरी घ्यायला आठवड्यातले चार दिवस बाहेरगावी असायचा. धुण्याच्या निमित्तानं मी त्याचे खिसे तपासू लागले. टेंभुर्णीच्या लॉजची पावती सापडली, एका माणसाची. तीही मी दोनदा वाचली. नवराही बदलला होता. माझा मामेभाऊ येऊन गेला की विचारायचा, "कशाला आला होता?"

शेवटी नवराच मला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्यांनी आधी उकळून घेतलेल्या बाटलीत लघवी घेऊन तपासायला पाठवली. तीन दिवसांनी रिपोर्ट आला, तेव्हा आम्हा दोघांना समोर बसवलं.

"बाई, हे बाहेरून येतं का?" नवऱ्यानं विचारलं. विचारताना तो माझ्याकडे बघत होता. तेव्हा मला कळलं, जो संशय मी त्याच्यावर घेत होते, तोच तो माझ्यावर घेत होता.

"हे जंतू हिच्याच आतड्यातले," बाई म्हणाल्या. "बाईचा लघवीचा मार्ग आखूड, शौचाच्या जागेजवळ. संबंधाच्या वेळी ते आत ढकलले जातात. नव्या लग्नात बऱ्याच जणींना होतं. यात कुणी कुणाला फसवलेलं नाही."

मग मला विचारलं, "दिवसभर लघवी दाबून ठेवतेस?"

ठेवत होते. संडास चाळीत सामाईक, बाहेर पुरुष बसलेले. म्हणून पाणीही कमी प्यायचे. बाईंनी सांगितलं, भरपूर पाणी पी, लघवी दाबू नकोस, धुताना पुढून मागे धू, संबंधानंतर लगेच लघवीला जा आणि गोळ्या बरं वाटलं तरी पूर्ण संपव. थंडी वाजून ताप आला किंवा कंबरेच्या वर पाठीत दुखलं, तर त्याच दिवशी ये. एवढं करूनही वारंवार झालं, तर रोज छोट्या डोसची गोळी काही महिने देता येते.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं घरातल्या मोरीला पडदा लावून दिला. सासूबाईंनी त्याचंही कारण विचारलं. "डॉक्टरांनी सांगितलंय, अव्वा," एवढंच तो म्हणाला.

त्या वर्षी उन्हाळी एकदाच लागली. खिसे तपासणं मात्र माझ्याच्यानं लगेच सुटलं नाही.