सशांचा अख्खा ढीग

पडून राहिलेला माल घाऊक उचलणाऱ्या लॉटवाल्या शेठने पिशवी उघडलीसुद्धा नाही. दोन बोटांच्या चिमटीत धरली, उजेडाकडे हलवली, आतल्या सशाकडे एक नजर टाकली आणि म्हणाला,

"अठ्ठावीस."

"अठ्ठावीस काय?"

"नगामागे. सगळा माल उचलतो. आठशे चाळीस म्हणालात ना?"

कात्रीताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचं खरं नाव आता घरच्यांनाही आठवून सांगावं लागे. सोळाव्या वर्षी दुसऱ्याच्या कारखान्यात लोंबते धागे कापायला बसली, तिथून कटिंग टेबलावर गेली, आणि गेली अकरा वर्षं या दोन खोल्यांत स्वतःची पाच मशीन चालवत होती. कात्रीताई हे नाव तिला अर्धं हातामुळे मिळालं होतं आणि अर्धं जिभेमुळे.

"शेठ, एका सेटमागे कापड अठ्ठ्याहत्तरचं लागलंय. शिलाई पंचवीस. छपाई, बटणं, पिशवी मिळून सतरा. एकशे वीस मला पडलेत. तुमच्या अठ्ठावीसमध्ये नुसती विजार येईल, तीही एका पायाची!"

"ताई, तुम्हाला काय पडलं ते मी कुठं विचारलं?" शेठ थंडपणे म्हणाला. "मला काय सुटणार, तेवढंच मी बघतो."

"मग दुसरीकडे बघा."

"बघतो. शुक्रवारी याच रस्त्याने जाणार आहे." आणि तो चप्पल घालून खरोखरच निघून गेला. घासाघीस नाही, आर्जव नाही. तेच तिला जास्त झोंबलं.

लहान मुलांचे हे रात्रीचे कपडे होते. सदरा आणि विजार, छातीवर गाजर खाणारा ससा. एका मोठ्या दुकानाने दोन हजार सेट सांगितले, अकराशे साठ नेले आणि मग त्यांचा मॅनेजर फोनवर म्हणाला, "मॅडम, आता ससा चालत नाही." जसा काही ससा कात्रीताईने काढला होता! चित्र त्यांचं, रंग त्यांचे, तारीख त्यांची. कागद मात्र कुठलाच नाही, सगळा व्यवहार तोंडी. विश्वासावर कात्री चालवली, आणि उरलेले आठशे चाळीस ससे दीड महिना मागच्या खोलीत गोण्या भरून बसले होते.

एरवी बसू दिले असते. पण इस्पितळाच्या गाऊनचं नवं काम हातात आलं होतं, आणि कापडवाल्याने त्याचे तागे शनिवारपर्यंतच राखून ठेवले होते. तीस हजार आणा आणि न्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. पंधरा दिवस पाचातली तीन मशीन झाकून ठेवलेली. त्यांवर बसणाऱ्या बायका रोज येऊन दारातून विचारत, "ताई, आज?" आणि ती रोज म्हणे, "उद्या बघू." शनिवार हुकला तर त्या पलीकडच्या कारखान्यात जाणार, हे तिला त्यांनी न सांगताही कळत होतं.

"माल असा गोणीत कोंबून दाखवला तर अठ्ठावीसच म्हणणार तो," ती सासूबाईंना म्हणाली. "नीट मांडते. वर्गवारी करते. मग बघू कसा नाक मुरडतो."

"मांड बाई. तुझे ससे, तुझं रान," सासूबाई म्हणाल्या. त्यांचं वय सत्तरीच्या पुढे, नजर मात्र अशी की सुटलेला टाका खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसावा. दोघींनी तीन दिवस एकेक पिशवी उघडली, सेट झटकला, बटणं मोजली, साईज बघितली, पुन्हा घडी घातली. पहिल्या फळीवर चांगले, सगळ्या साईजचे, पाचशे दहा. दुसरीवर छपाई जरा फिकट, एखादं बटण कमी, किंवा नुसत्या अगदी लहान साईजचे, असे दोनशे तीस. आणि खाली डाग पडलेले, सदरा एका मापाचा नि विजार दुसऱ्या मापाची, असे शंभर.

"या सशाला तर एकच डोळा आहे गं," सासूबाई म्हणाल्या.

"छपाईवाल्याने मारला असेल, आई."

मधल्या दिवशी, बुधवारी, ती बाजारात गेली. लहान मुलांचे कपडे विकणाऱ्या हातगाडीवर तसेच सेट होते. ससा नव्हता, हत्ती होता. गाडीवालीने सांगितलं, शंभर.

"शंभर? कमी करा."

"फिक्कट चालत असेल तर सत्तरला घे. हे बघ, हत्ती जरा आजारी आहे, बाकी काही नाही."

कात्रीताई हसली आणि तिने खरं काय ते सांगून टाकलं: आपण शिवतो, माल पडून आहे, लॉटवाला भाव पाडतोय. गाडीवालीने आधी तिच्या बोटांवरचे कात्रीचे घट्टे पाहिले, मग आजूबाजूला पाहिलं.

"कोण, तो चिमटीत धरणारा? त्याच्याकडूनच उचलते मी. चांगला पासष्टला देतो, फिक्कट चाळीसला. आणि अगदीच वाईट म्हणजे नगाला आठ, ते पुसणीवाले घेतात, यंत्रं पुसायच्या चिंध्यांसाठी. पण नाव नको हां सांगू माझं."

"तुमचं नाव मला माहीतच नाही."

"बरंय तेच."

परत येताना तिच्या डोक्यात आकडे उलटे चालू झाले. पाचशे दहा गुणिले पासष्ट, तेहतीस हजार दीडशे. दोनशे तीस गुणिले चाळीस, नऊ हजार दोनशे. शंभर गुणिले आठ, आठशे. शेठच्या हातात सगळे मिळून त्रेचाळीस हजार दीडशे येणार. टेम्पो, हमाल, गोदाम यांचे तीन हजार वजा. पैसे त्याचे अडकणार, काही माल त्याच्याकडेही पडून राहणार, त्याचे म्हणून पाव भाग, दहा हजार, सोडून दे. उरले तीस हजार दीडशे. भागिले आठशे चाळीस.

छत्तीस.

ती रस्त्यातच थांबली. मागून येणारा सायकलवाला खेकसला, तिला ऐकूसुद्धा आलं नाही. अठ्ठावीस ही लबाडी होती, हे सिद्ध झालं. पण एकशे वीसही नव्हते, ऐंशी नव्हते, पन्नाससुद्धा नव्हते. रास्त म्हणावा असा भाव काढला तर तो छत्तीस निघत होता, आणि तो तिने स्वतःच काढला होता. आता भांडायचं कुणाशी? गुणाकाराशी?

शुक्रवारी शेठ आला. फळ्यांवर रचलेला माल बघून त्याचे डोळे असे चमकले की सासूबाईंनी सुनेला कोपराने ढोसलं.

"वा ताई! काय मांडलंय! आधी का नाही दाखवलं असं?" त्याने पहिल्या फळीवरून हात फिरवला. "याला बघा, मी पंचेचाळीस देतो. रोख. आत्ता."

सासूबाईंचा चेहरा उजळला. "बघ! अठ्ठावीसचे पंचेचाळीस झाले की नाही? मांडलं म्हणूनच!"

"आणि दुसऱ्या फळीचं?" कात्रीताईने विचारलं.

"ते राहू द्या तुमच्याकडे."

"आणि खालचं?"

"ते तर राहूच द्या."

कात्रीताईने मनातल्या मनात गुणाकार केला. पाचशे दहा गुणिले पंचेचाळीस. बावीस हजार नऊशे पन्नास. अख्ख्या लॉटचे अठ्ठावीसने त्याहून जास्त होत होते! वर तीनशे तीस नग गळ्यात, ज्यांना चांगल्या मालाच्या आडोशाशिवाय कुणी हात लावणार नाही. आणि या पंचेचाळीसची वाट त्याला करून दिली कुणी? तीन दिवस पाठ मोडून, एकेक बटण मोजून, त्याची छाटणी फुकटात कुणी केली? तिने! मोठ्या दुकानाची सवय लागली होती तिला. तिथे नीट रचलेल्या मालाचं कौतुक होतं. इथे नीट रचलेला माल म्हणजे काढून ठेवलेली साय होती.

"आई, ती चादर अंथरा."

"कशाला?"

"अंथरा म्हणते ना!"

सासूबाईंनी चादर अंथरली. कात्रीताईने पहिल्या फळीला दोन्ही हात घातले आणि चांगले ससे खाली ओढले. त्यावर दुसरी फळी. त्यावर डागाळलेले शंभर. मग गुडघ्यावर बसून तिने सगळं पार तळापासून ढवळलं. दारात उभ्या असलेल्या तिघी बायका पुढे झाल्या, काय चाललंय न विचारताच त्यांनीही हात घातला.

"अहो ताई! अहो, काय करताय! केलेलं काम मोडताय?"

"माझं काम आहे, मी मोडते. तुम्हाला हवं तर पुन्हा करा, माणसं लावून. त्यांना मजुरी द्या." ती धापा टाकत उठली. "आता अख्खा ढीग आहे. छत्तीस. सगळा उचलायचा, एकही मागे ठेवायचा नाही."

"छत्तीस? तुम्ही परवडेल असं तरी..."

"परवडेल. चांगला तुम्ही पासष्टला देता, फिक्कट चाळीसला, वाईट आठला. त्यातून टेम्पो-हमाली काढली, तुमचा पाव भाग काढला. मग माझे छत्तीस राहतात. करून दाखवू?"

शेठचा चेहरा आंबला. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"हत्तीने."

सासूबाईंना ठसका लागला.

"हत्तीने? मग तुम्हीच बसा की बाजारात!"

"बसेन. पण मग गाड्यांवरच्या बायकांना माझ्या घराचा रस्ता कळेल, शेठ. आणि या गल्लीत शिवणारी मी एकटी नाही. सात कारखाने आहेत, सगळ्यांकडे काही ना काही पडून असतं."

तो ढिगाकडे बघत राहिला. तेहतीस म्हणाला. तिने पदर खोचला. चौतीस म्हणाला. ती पिशवीवरची धूळ पुसू लागली. पस्तीसवर तो बराच वेळ अडला, आईचं आजारपण काढलं, डिझेलचे भाव काढले.

"पस्तीसने एकोणतीस हजार चारशे होतात," ती म्हणाली. "मला तीस लागतात. माझी गरज सांगतेय म्हणून दबू नका आणि दाबूही नका. छत्तीस रास्त आहेत, हे तुम्हालाही माहीत आहे."

"द्या मोजून," शेठ म्हणाला.

वीस-वीसचे गठ्ठे बांधले, बेचाळीस. हमालाने एक डागाळलेला सेट हळूच बाजूला सरकवला, तेव्हा ती ओरडली, "ए दादा! तोही ससाच आहे! घे त्याला!" तीस हजार दोनशे चाळीस तिने दोनदा मोजले. टेम्पो गेला.

"जिंकलीस गं!" सासूबाई म्हणाल्या.

"काय जिंकले?" ती उसळली. "नगामागे चौऱ्याऐंशी बुडाले, आई! सत्तर हजारांच्या वर! आणि तो मॅनेजर वातानुकूलित खोलीत बसून म्हणतो ससा चालत नाही! याने लबाडी केली, तर निदान तोंडासमोर केली. त्याला काय म्हणायचं?"

पदराने तोंड पुसून ती कापडवाल्याकडे निघाली आणि जाता जाता तिन्ही मशीनवरची फडकी तिने अशी ओढून काढली, जणू त्यांच्यावरच तिचा राग होता.

"आता निम्मे पैसे हातात आल्याशिवाय कात्री उचलणार नाही," ती जिन्यातून ओरडली. "इस्पितळाला आत्ताच फोन करते. आणि कागदावर लिहून घेते! तुम्ही काय बघताय? तेल घाला मशीनला!"

तिघी तेल शोधायला धावल्या.