काळा पडदा आणि मुकी चौकट

पाणीपुरवठ्याच्या आमच्या तक्रार कक्षात तिला सगळे मेल म्हणायचे, सुसाट जाणाऱ्या मेल गाडीवरून. चालणं सावकाश, पण कानातल्या इअरफोनमधला आवाज इतक्या वेगाने बोलायचा की आपल्याला नुसती खडखड ऐकू यावी. तिला जन्मापासून दिसत नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारा एक प्रोग्राम असतो, त्याला ती 'बोलका' म्हणायची. त्याच्या भरवशावर ती नळाला पाणी नाही, पाइप फुटला, मीटर बंद पडला अशा तक्रारी आम्हा डोळसांपेक्षा लवकर नोंदवायची. मी तिच्या शेजारच्या टेबलावर. निवृत्तीला आले आहे, त्यामुळे मला कोणाची भीडभाड नाही. जे पाहिलं ते सांगते.

ती पडदा कायम बंद ठेवायची. "काकू, मी बघणार नाही तर वीज कशाला जाळायची?" म्हणायची. यावर आम्ही खूप हसलो होतो. त्या काळ्या पडद्यानेच पुढे घात केला.

तिची नोकरी तात्पुरती होती. सहा महिने काम बघणार आणि मग कायम करणार, असं ठरलं होतं. घरी आई आणि दादा. दादा मनाचा वाईट नाही, पण त्याचं एकच पालुपद: "तुला घरी काय कमी आहे? कशाला धक्के खातेस?" कमी काय होतं ते तिला चांगलं माहीत होतं. हात पसरावा लागत होता. कायमचं पत्र हातात आलं की दादाची बोलती बंद होणार होती, आणि त्या पत्रासाठी तिने जिवाचं रान केलं होतं.

आमच्या कोणाच्याच कॉम्प्युटरवर आम्ही मालक नाही. आपापलं नाव टाकून आत जायचं, काम करायचं, बाहेर पडायचं. नवीन काही बसवायचं किंवा बदलायचं तर पासवर्ड लागतो, आणि तो एकट्या कॉम्प्युटर विभागाच्या माणसाकडे. त्याला आम्ही चावीवाले म्हणतो. रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात मेलने अर्ज दिला होता: बोलका माझ्या मशिनवर नीट बसवून द्या. आमच्या मॅडमनी तो ठेवून घेतला. "बाहेरचं काही बसवायचं नाही. नियम सगळ्यांना सारखा." मग बिचारीने बोलक्याची न बसवता चालणारी प्रत स्वतःच्या फोल्डरमध्ये आणून ठेवली. तेवढ्याला कोणाची परवानगी लागत नाही. काम भागलं.

मध्यंतरी तक्रारींच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आली. सकाळी प्रोग्राम उघडला की पडदा काळवंडायचा आणि मधोमध चौकट यायची: पासवर्ड टाका. आम्ही चावीवाल्यांना हाक मारली, ते टेबलाटेबलावर पासवर्ड टाकत फिरले. मेल त्या दिवशी रजेवर होती. पडदा काळा पाहून, मशिन बंद आहे असं समजून ते पुढे गेले.

त्यानंतर रोज सकाळी तिचा बोलका मुका व्हायचा. कुठलंही बटण दाबलं तरी चकार शब्द नाही. एकदा वैतागून तिने कोपऱ्यातलं एस्केपचं बटण दाबलं, तर आवाज परत आला आणि प्रोग्रामही उघडला. तिला वाटलं, बोलक्याला सकाळी घसा साफ करायला लागतो. मलाही हे हसत सांगितलं. "म्हातारा झालाय काकू, एक टपली मारली की बोलतो." मीही हसले. त्यात काळजी करण्यासारखं काही आहे असं दोघींच्याही मनात आलं नाही.

आणि मग एका सकाळी मुख्य जलवाहिनी फुटली. फोनवर फोन. नेमकी त्याच दिवसापासून मुख्य कार्यालयाने जुनी आवृत्ती बंद केली होती. मेलने टपली मारली, बोलका बोलला, पण प्रोग्राम उघडेना. ती साध्या कोऱ्या पानावर तक्रारी टाइप करत राहिली आणि मी एक एक माझ्या मशिनवर चढवत गेले. फोनवरचा तिचा आवाज मात्र शांत होता.

मॅडम तडक आल्या. वरून फोन आला होता त्यांना. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सगळ्यांची मशिनं बदलली, तुझंच राहिलं. मुख्य कार्यालयात नोंद आहे, तू रोज सकाळी नकार दिलायस. रोज! सांगितलेलं करायचं नसेल तर तसं सांग ना."

"मी कुणाला नकार दिला, मॅडम?" तिने विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं. मॅडमना वाटलं, उलट बोलते. त्या पाय आपटत निघून गेल्या.

चावीवाले आले ते दुपारी, दुसऱ्या इमारतीतून. त्यांनी आधी पडदा चालू केला आणि प्रोग्राम उघडला. पडदा काळवंडला, चौकट आली. आणि मेल पटकन म्हणाली, "बघा, मुका झाला."

चावीवाले थबकले. मग कपाळावर हात मारला. "अगं, हा बिघडलेला नाही. ही चौकट मुद्दाम वेगळ्या पडद्यावर येते. एखाद्या चोरट्या प्रोग्रामने तुझ्या नावाने परस्पर 'होय' दाबू नये म्हणून दुसऱ्या प्रोग्रामांना तिथे प्रवेशच नसतो. तुझा बोलका नीट बसवलेला नाही, म्हणून तोही बाहेरच. आणि एस्केप म्हणजे 'नाही'. तू रोज 'नाही' म्हणत होतीस आणि जुनीच आवृत्ती उघडत होती."

"पण माझा ब्राउझर तर आपोआप नवा होतो. तो कधी काही विचारत नाही."

"तो तुझ्या एकटीच्या फोल्डरमध्ये आहे. स्वतःच्या कोपऱ्यात काय हवं ते करता येतं. हा प्रोग्राम मशिनवर बसणाऱ्या सगळ्यांचा, सगळ्यांच्या जागेत ठेवलेला. तिथे हात लावायचा तर मालकाचा पासवर्ड हवा."

त्यांनी पासवर्ड टाकला आणि दोन-तीन मिनिटांत प्रोग्राम नवा झाला. मग म्हणाले, "याच पासवर्डने बोलका मशिनवर बसवला असता, तर ही चौकटसुद्धा त्याने वाचून दाखवली असती. अर्ज का नाही केलास?"

"केला होता," मेल म्हणाली. मला राहवलं नाही. तरातरा मॅडमच्या खोलीत गेले आणि जे बोलायचं ते बोलले. मॅडमचा चेहरा उतरला. अर्ज खणातूनच निघाला, त्यावर त्यांनी तिथल्या तिथे सही केली. पण तिच्या कामाचा अहवाल त्यांनी सकाळीच रागाच्या भरात वर पाठवला होता: वारंवार सूचना नाकारते, कायम न करता तात्पुरतेपणाची मुदत वाढवावी. "मी दुरुस्तीचं पत्र देते," त्या म्हणाल्या. दिलंही. वरून उत्तर आलं, मुदत वाढलेली आहे, पुढच्या बैठकीत बघू. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशी ही कार्यालयं. माझा अजून संताप होतो.

दुसऱ्या दिवशी चावीवाल्यांनी बोलका नीट बसवला. खात्री करायला इअरफोन काढून ठेवला आणि मुद्दाम ती चौकट आणली. या वेळी तो मोठ्याने बोलला: या प्रोग्रामला तुमच्या मशिनवर बदल करू द्यायचे का? प्रशासकाचा पासवर्ड टाका. होय. नाही.

मेलचं बोट सवयीने एस्केपवर गेलं होतं. तिने ते उचलून घेतलं.

"एवढंच विचारत होता?" ती म्हणाली आणि रडायला लागली. मी तिला पहिल्यांदाच रडताना पाहिलं. चावीवाले खाली मान घालून उभे राहिले.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. दादा होता. त्याचा आवाज मला टेबलापलीकडून ऐकू आला. "काय गं, झालीस का कायम?"

तिने डोळे पुसले. आवाज फोनवर ठेवते तसा शांत केला.

"अजून नाही दादा," ती म्हणाली. "इथे रोज सकाळी काहीतरी विचारत होते, ते मला आज ऐकू आलं."