आई नावाचं टर्मिनल

माझं शिक्षण चौथीपर्यंत. सातपूरच्या कारखान्यात लेथवर आयुष्य गेलं, आणि इंग्रजी अक्षरं मी ड्रॉइंग वाचून वाचून शिकलो. म्हणून मुलाचे हात गेले तेव्हा मीच म्हणालो, टाइप मी करतो. त्याच्या आजारात स्नायू झडत जातात, डोकं मात्र शाबूत राहतं. घरी बसून तो एका कंपनीचं सॉफ्टवेअर लिहायचा. नोकरी होती तोवर तो माणसांत होता. ती टिकवायची, दुसरं काही मला दिसत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांनी चालणारं यंत्र घ्या. मी म्हणालो, "बाप असताना यंत्र कशाला?"

प्रोग्रॅम लिहायच्या खिडकीत तळाशी टर्मिनल असतं, संगणकाला हुकूम द्यायची जागा. एकात सर्व्हर, म्हणजे सॉफ्टवेअर चालतं ठेवणारा प्रोग्रॅम, सुरू ठेवला की त्यात दुसरा हुकूम देता येत नाही. म्हणून कंट्रोल, शिफ्ट आणि पाच दाबून मी त्याचे दोन भाग करायचो. बाजूच्या यादीत दोघांचं नाव सारखंच दिसायचं, बॅश. राइट क्लिक करून नावं बदलता येतात. पण तोवर पोराची जीभही जड झाली होती. डावं म्हणाला की उजवं, कळेना. स्वर तेवढे नीट यायचे. म्हणून स्वरांचीच नावं ठेवली. दिवसभर चालू राहतं ते सर्व्हरचं टर्मिनल, ते आई. चुका शोधायचं ते ऊ.

"माझ्या शेजारी ऊ ठेवलीस होय रे?" त्याची आई म्हणाली. तो हसला होता. हसण्याचाही आवाज यायचा तेव्हा.

प्रत्येक हुकमाच्या डावीकडे एक खूण उमटते. नीट पार पडला तर निळा ठिपका, फसला तर लाल फुली, चालू असेल तर पोकळ गोल. कंट्रोल आणि वरचा बाण दाबला की मधला सगळा पसारा ओलांडून पडदा थेट मागच्या हुकमावर जातो. पोरानं डोळे वर केले की मी वरचा बाण दाबायचो, खाली केले की खालचा. असं आमचं काम चालायचं. हळू, पण चालायचं.

मग त्याच्या वरच्या मॅडमनी पुण्याहून कॉल लावला. हे असं काम पुढं जमेल का, ते त्यांना बघायचं होतं. माझा पडदा त्यांना दिसत होता. ऊमध्ये लाल फुली आली. पोरानं डोळे वर केले, मी मागच्या हुकमावर गेलो. बरोबर चाललं होतं. मग तो म्हणाला, "आई."

मी ऑल्ट आणि डावा बाण दाबून आईत गेलो.

"आई."

मागचं काही बघायचं असेल, म्हणून वरचा बाण दाबला. पडदा सर्व्हर सुरू केल्याच्या हुकमावर गेला. आणखी दाबला, त्याच्याही मागं.

"आ... ई."

"काका, सर्व्हर तर चालू दिसतोय," मॅडम म्हणाल्या. "तो काय शोधतोय?"

"त्याचं मला कळतं, मॅडम. जरा थांबा तुम्ही."

मी पडद्यावरून नजर काढली नाही. बायको स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आली.

"अहो, मला बोलावतोय तो! लाळ अडकलीये घशात, दिसत नाही का?"

तिनं त्याला पुढं वाकवलं, पाठ चोळली, तोंडात बोट घालून साफ केलं. तो निळसर झाला होता. हे सगळं मॅडमच्या कानावर जात होतं आणि पडद्यावर मी गाठलेला जुना हुकूम तसाच उभा होता.

"काका, राहू द्या आता," त्या हळूच म्हणाल्या. त्या वाईट बोलल्या नाहीत. वाईट बोलल्या असत्या तर मला भांडता आलं असतं.

संध्याकाळी निरोप आला. काम दुसऱ्याकडे दिलंय, लॅपटॉप घ्यायला माणूस येईल. मी तो मोठ्यानं वाचून दाखवला. पोरानं आधी पडद्याकडे पाहिलं, मग आईकडे, परत पडद्याकडे. मला कळलं. तिचं नाव त्याला तिला परत द्यायचं होतं.

"अरे, लॅपटॉपच जाणार," मी म्हणालो. "आता कशाला?"

त्यानं नजर हटवली नाही. मी राइट क्लिक केलं, नाव खोडलं आणि जागा रिकामी ठेवून एंटर दाबलं. रिकामं ठेवलं की मूळचं नाव परत येतं. बॅश.

"आता ह्याला काय म्हणायचं?" मी विचारलं.

त्यानं तोंड उघडलं. मी कान जवळ नेला. नुसती हवा आली.

बायको म्हणाली, "बंद करा ते. त्याला पाणी पाजायचंय."

सर्व्हर चालूच होता. मी कंट्रोल आणि सी दाबून तो थांबवला.